सप्लायरचं पेमेंट थेट खर्चात नावे पडलंय, बिल आधीच बुक आहे. आता दुरुस्ती कशी?

रोजमेळ_शिरोली · १७ जानेवारी २०२६, सायं. ७:१२

नमस्कार. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते. भागीदारी फर्म आहे, कंपनी नाही. टॅली प्राइम वापरतो.

दिवाळीच्या बंदमध्ये इंडक्शन फर्नेसच्या कॉइलचं काम करून घेतलं होतं. त्याचं बिल २७ ऑक्टोबरचं. मजुरी १,२०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी २१,६००, एकूण १,४१,६००. काम करणारा एकटा मालक आहे, म्हणून १९४सी खाली एक टक्का टीडीएस, म्हणजे १,२०० कापला. पार्टीला देणं राहिलं १,४०,४००. इथपर्यंत सगळं नीट बुक झालंय. टीडीएस भरलाय, ऑक्टोबरच्या ३बी मध्ये क्रेडिटही घेतलंय.

२५ नोव्हेंबरला १,४०,४०० एनईएफटीने गेले. त्या महिन्यात बँक स्टेटमेंट टॅलीत आणून एंट्र्या करणारा मुलगा दुसरा होता. बँकेच्या ओळीत "फर्नेस रिपेअर" असं दिसलं म्हणून त्याने पेमेंट व्हाउचरमध्ये पार्टीऐवजी "फर्नेस दुरुस्ती खर्च" हे लेजर निवडलं. नोव्हेंबरचं बँक रिकन्सिलेशन झालं, सगळं जुळलं. डिसेंबरचं प्रोव्हिजनल नफा-तोटा पत्रक आणि स्टॉक स्टेटमेंट बँकेला गेलं.

आज मालकांनी देण्यांची यादी मागितली. त्यात ही पार्टी १,४०,४०० ने उभी. ते पेमेंटवर सही करणार इतक्यात मी सहज त्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणाला, "मॅडम, माझे आले की नोव्हेंबरातच." भला माणूस. नाहीतर दुसऱ्यांदा गेले असते.

आता माझ्यासमोर दोन रस्ते आहेत. नोव्हेंबरचं मूळ व्हाउचर उघडून लेजर बदलायचं, की आजच्या तारखेला जर्नल टाकायचं? आणि जर्नल किती रकमेचं?

---

भावा_उद्यमनगर · १७ जाने., ७:४०

ताई लई सोपं हाय. जुनं व्हाउचर Alt+D मारून उडवा आणि पार्टीच्या नावानं नवीन पेमेंट टाका. आम्ही वर्कशॉपमधी असंच करतो. कोण बघायला येतंय?

---

पंचगंगा_काठ · १७ जाने., ७:५५

लगेच बँकेत लेखी अर्ज द्या. यूटीआर नंबर घालून. पैसे ज्याच्या खात्यात चुकून गेलेत त्याच्या संमतीशिवाय बँक परत काढू शकत नाही, पण अर्ज जितका लवकर तितकं बरं. माझ्या भावाचे असेच इचलकरंजीच्या एका पार्टीला गेले होते, अजून भांडतोय.

---

रोजमेळ_शिरोली · १७ जाने., ८:०३

@पंचगंगा_काठ, पैसे बरोबर माणसालाच गेलेत हो. चूक फक्त आमच्या वह्यांत आहे. तुमच्या भावाचं काम होवो.

---

तेरीज · १७ जाने., ८:४८

प्रश्न व्यवस्थित मांडलात, त्यामुळे उत्तर देणं सोपं जातंय.

आधी भावांचा उपाय. व्हाउचर उडवू नका. त्या व्हाउचरची बँकेची बाजू शंभर टक्के बरोबर आहे. तारीख, रक्कम, यूटीआर सगळं बरोबर, आणि त्यावर रिकन्सिलेशनची बँक तारीखही चढलीय. ते उडवलंत की ती तारीख जाते, नोव्हेंबरचं जुळवलेलं रिकन्सिलेशन उघडं पडतं आणि मधला एक व्हाउचर नंबर गायब होतो. बिघडलाय एक पाय आणि तुम्ही दोन्ही काढायला निघालात.

त्याहून वाईट एक प्रकार मी बराच बघितलाय. कोणीतरी जुनं तसंच ठेवतं आणि वर आणखी एक पेमेंट व्हाउचर टाकतं, पार्टी नावे, बँक जमा. पार्टी शून्य होते, सगळे खूश. पण बँक दोनदा कमी झाली आणि खर्च आहे तिथेच राहिला. महिनाअखेर बँक १,४०,४०० ने जुळत नाही, मग शोधाशोध.

आता आज काय स्थिती आहे ते डोळ्यासमोर आणा. फर्नेस दुरुस्ती खात्यात बिलाचे १,२०,००० नावे आणि पेमेंटचे १,४०,४०० नावे, मिळून २,६०,४००. खरा खर्च १,२०,०००. पार्टीच्या खात्यात १,४०,४०० जमा बाकी, खरी बाकी शून्य. म्हणजे नफा १,४०,४०० ने कमी दिसतोय आणि देणी तेवढ्यानेच जास्त. नावे पडायचं ते नावेच पडलंय, फक्त भलत्या खात्यात. म्हणून तेरीज जुळते आणि बँकही जुळते. या चुकीवर संगणक कधीच ओरडत नाही.

जर्नल घालायचं तर F7 मध्ये एवढंच:

पार्टी खाते नावे १,४०,४००
फर्नेस दुरुस्ती खर्च जमा १,४०,४००

बँक लेजर या एंट्रीत येतच नाही. ते आलं तर समजा कुठेतरी गल्लत होतेय.

---

भावा_उद्यमनगर · १७ जाने., ९:१०

काका एक शंका. खर्च तर १,२०,००० चाच हाय न्हवं? मग खर्चातनं १,४०,४०० कशाला काढायचं? १,२०,००० खर्चाला जमा करा आणि उरलेलं जीएसटीच्या खात्याला. पेमेंटमधी जीएसटी पण होताच की.

---

तेरीज · १७ जाने., ९:३१

शंका चांगली आहे, पुष्कळांचं इथेच अडतं.

जीएसटी बिलात होता. बिल बुक करताना २१,६०० इनपुटच्या खात्यात गेले, तिथे ते सुखरूप आहेत. पेमेंटच्या व्हाउचरला जीएसटी माहीतच नाही. त्याला दोनच ओळी, बँकेतून १,४०,४०० गेले आणि कुठेतरी १,४०,४०० नावे पडले. दुरुस्ती त्या चुकीच्या ओळीची करायची, म्हणून जी रक्कम चुकून पडली तीच, पै न पै, तिथून काढायची. तुम्ही म्हणता तसं केलं तर इनपुट खात्यात २०,४०० जमा पडतील, म्हणजे कायदेशीर घेतलेलं क्रेडिट तुम्ही स्वतःच्या हाताने कमी केलं. शिवाय खर्चात २०,४०० जास्तीचे राहतील ते वेगळेच.

बरं, २०,४०० हा आकडा तरी काय? २१,६०० वजा टीडीएसचे १,२००. असला कशालाच न जुळणारा आकडा एंट्रीत आला की तिथेच हात थांबला पाहिजे.

---

भावा_उद्यमनगर · १७ जाने., ९:३८

पटलं. उगं डोकं लावलं.

---

राजारामपुरी_लेखा · १७ जाने., १०:२०

प्रॅक्टिसमध्ये आहे. तेरीज काकांची एंट्री बरोबर. पण रस्ता कोणता यावर माझं मत थोडं वेगळं पडतं.

कंपनी असती तर बोलायला फार जागा नव्हती. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. बदल करता येतो, पण तो कायमचा दिसतो आणि ऑडिटर त्याबद्दल विचारतो. तुमची भागीदारी फर्म आहे, तुम्हाला तो नियम लागू नाही. वर्ष चालू आहे, ऑडिट झालेलं नाही. पेमेंट जीएसटीच्या कुठल्याच रिटर्नमध्ये जात नाही. मग मूळ व्हाउचर उघडून फक्त लेजर बदललं तर काय बिघडलं?

फायदा सांगतो. काम करणारा उद्यम नोंदणीवाला सूक्ष्म उद्योग असणार. बिल २७ ऑक्टोबरचं, पैसे २५ नोव्हेंबरला. म्हणजे २९ दिवस. लेखी करार असेल तर ४५ दिवसांच्या आत आहात. आजच्या तारखेचं जर्नल टाकलंत की टॅलीच्या बिलवार अहवालात हे बिल १७ जानेवारीला फिटलं असं दिसणार, म्हणजे ८२ दिवस. पैसे वेळेवर दिले असताना वह्या म्हणतात उशिरा दिले. मार्चनंतर टॅक्स ऑडिटला सूक्ष्म-लघु उद्योगांना दिलेल्या उशिरा पेमेंटची यादी काढाल, तेव्हा हे बिल तिथे येऊन बसेल. आणि त्या वेळी कोणाला आठवणार आहे?

मूळ व्हाउचर बदललं तर तारीख २५ नोव्हेंबरच राहते. बिल, पेमेंट, दिवस, सगळं खरं दिसतं.

---

तेरीज · १७ जाने., १०:५२

दिवसांचा मुद्दा मान्य. पण सर, ताईंनी लिहिलंय की डिसेंबरचं पत्रक बँकेला गेलंय. आज नोव्हेंबरचं व्हाउचर बदललं की डिसेंबरअखेरचा नफा वाढतो आणि देणी कमी होतात. उद्या बँकेचा माणूस स्टॉक ऑडिटला येऊन वह्यांतून डिसेंबरचं पत्रक काढेल. पाठवलेलं एक आणि निघालेलं दुसरं. फरक १,४०,४००. त्याला समजवायला तेव्हा हातात कागद नाही, कारण व्हाउचर तर आता "बरोबर" दिसतंय!

जर्नल असेल तर डिसेंबर जसा पाठवला तसाच राहतो आणि जानेवारीत दुरुस्ती स्पष्ट दिसते. ज्या महिन्याचे आकडे घराबाहेर गेले त्या महिन्यात मी हात घालत नाही. हे मी वहीत लाल शाईने लिहायचो त्या काळापासून पाळतोय.

---

राजारामपुरी_लेखा · १७ जाने., ११:०५

बँकेला प्रोव्हिजनलच गेलंय ना, त्या शब्दाला काही अर्थ आहे की नाही? :)

स्टॉक स्टेटमेंटचं म्हणाल तर तिथे उलट ताईंचंच नुकसान झालंय. बऱ्याच बँका मालातून देणी वजा करून उरलेल्यावर २५ टक्के मार्जिन कापतात. देणी १,४०,४०० ने फुगलेली दिसली असतील तर ड्रॉइंग पॉवर १,०५,३०० ने कमी आली असेल. अर्थात तुम्ही फक्त कच्च्या मालाचे देणेकरी दाखवत असाल तर हा दुरुस्तीवाला त्यात आलाच नसेल. ते बघून घ्या.

---

हुपरीकर · १८ जाने., सकाळी ८:१५

माझीही अशीच भानगड आहे, म्हणून घुसतो. चांदीचं काम आहे. मागच्या आर्थिक वर्षात, म्हणजे २०२४-२५ मध्ये, पॉलिशवाल्याला दिलेले ६२,००० मजुरी खर्चात पडलेत आणि त्याचं बिलही मजुरीतच आहे. ताळेबंद सही होऊन रिटर्न गेलं. आता पार्टीनं बाकीचा उतारा पाठवला तेव्हा कळलं. मी पण मागच्या वर्षात जाऊन लेजर बदलू का?

---

राजारामपुरी_लेखा · १८ जाने., ९:४०

@हुपरीकर अजिबात नको! तुम्ही मागचं वर्ष बदललंत की सही झालेला ताळेबंद आणि टॅलीतला ताळेबंद वेगळे होतात आणि या वर्षीच्या सुरुवातीच्या बाक्या आपोआप हलतात. तुमच्याबाबतीत मी आणि तेरीज काका एकच बोलू. एंट्री या वर्षात, पार्टी नावे ६२,०००, आणि जमा मात्र यंदाच्या मजुरीला नाही. "मागील वर्षाच्या बाबी" असं वेगळं लेजर करून त्यात जमा करा. यंदाच्या मजुरीला जमा केलंत तर यंदाची मजुरी उगाच ६२,००० ने कमी दिसेल आणि दर किलोमागची मजुरी विचारली की उत्तर सापडणार नाही.

करांचं वेगळं. मागच्या वर्षी खर्च जास्त दाखवून कर कमी भरलाय. सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबरला गेली. आता अपडेटेड रिटर्न भरता येतं, त्यात वरचा कर आणि व्याज भरावं लागतं. काही जण रक्कम लहान म्हणून यंदाच्या उत्पन्नात धरून मोकळे होतात. मी तसं करा म्हणणार नाही, तुमच्या ऑडिटरना विचारा.

---

हुपरीकर · १८ जाने., ९:५८

ऑडिटर म्हणतात यंदाच धरू. तुम्ही म्हणता तसं करा म्हणणार नाही. बरं, बघतो.

---

रोजमेळ_शिरोली · १८ जाने., ११:३०

सगळ्यांचे आभार. काल रात्री बॅकअप घेऊन त्याच्या कॉपीवर दोन्ही करून बघितलं.

जर्नल टाकलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पार्टी नावे टाकल्यावर टॅली बिलाचा तपशील विचारतं. मी पहिल्यांदा घाईत On Account ठेवून सेव्ह केलं. पार्टीची बाकी शून्य झाली, पण देण्यांच्या बिलवार यादीत ते बिल तसंच उभं, आणि खाली तेवढीच रक्कम विरुद्ध बाजूला. मालक यादी बघतात ती बिलवार. म्हणजे पुन्हा तोच धोका. मग व्हाउचर उघडून Agst Ref केलं आणि २७ ऑक्टोबरचं बिल निवडलं, तेव्हा ते यादीतून गेलं.

राजारामपुरी सर म्हणाले तसंच झालं, बिल जानेवारीत फिटलेलं दिसतंय.

मूळ व्हाउचरचं लेजर बदलून बघितलं तर बँक तारीख शाबूत राहिली. तिथेही बिल निवडावं लागलंच.

---

तेरीज · १८ जाने., १२:१०

कॉपीवर करून बघितलंत हे फार उत्तम. Agst Ref मी लिहायला पाहिजे होतं.

आणखी एक बघा. त्या दुरुस्ती लेजरवर जीएसटी लागू असं लावलेलं असेल, तर पार्टी आणि खर्च एकत्र असलेलं जर्नल टॅली कधीकधी जीएसटीच्या अहवालात अनिश्चित व्यवहार म्हणून बाजूला काढतं. जर्नलनंतर जानेवारीचा अहवाल उघडून तिथे काही अडकलंय का ते बघा. अडकलं तर ते रिटर्नशी संबंधित नाही असं ठरवून टाका. त्याच्यावर कर लावून बसू नका.

टीडीएसला मात्र हात लावायचाच नाही. तो बिलावर कापला गेला, भरला गेला, तिसऱ्या तिमाहीच्या २६क्यू मध्ये जाईल, तारीख ३१ जानेवारी. कोणीतरी "सगळं नीट करू" म्हणून बिल उडवून परत बुक करायला गेलं की टीडीएसची तारीख हलते आणि चलनाशी जुळत नाही.

जर्नलचं कथन मी असं लिहीन: "दि. २५-११-२५ चे बँक पेमेंट व्हा. क्र. अमुक, यूटीआर तमुक, चुकून फर्नेस दुरुस्ती खर्चास नावे पडले होते, ते पार्टीच्या दि. २७-१०-२५ च्या बिलापोटी वर्ग केले. प्रत्यक्ष अदा दि. २५-११-२५." शेवटचं वाक्य सरांच्या ८२ दिवसांना उत्तर आहे. पार्टीकडून बाकीचा उतारा घेऊन त्याला जोडा.

---

राजारामपुरी_लेखा · १८ जाने., १२:३२

कथन कोण वाचतं काका? यादी सॉफ्टवेअरमधून निघते आणि ज्युनिअर मुलगा ती तशीच भरतो. चालेल, पण मग ताईंनी मार्चअखेरच्या फाइलमध्ये आत्ताच चिठ्ठी लावून ठेवावी.

आणि एक उलटी गोष्ट लक्षात आणून देतो. ही चूक सापडलीच नसती तर ३१ मार्चला पार्टी बाकी दिसली असती. मग ऑडिटरने ४३बी(एच) लावून १,२०,००० चा खरा खर्च नामंजूर केला असता आणि खोटे १,४०,४०० खर्चात तसेच राहिले असते. सहा महिने उलटले असते तर आणखी एक. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. २७ ऑक्टोबरपासून ती मुदत एप्रिलमध्ये संपते. वह्या बघून कोणीतरी २१,६०० परत भरले असते, पैसे दिलेले असताना!

आगाऊ कर बघा हे मात्र खरंच महत्त्वाचं. नफा १,४०,४०० ने वाढणार. फर्मला ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस धरला तर सुमारे ४३,८०० कर वाढतो. डिसेंबरचा हप्ता कमी नफ्यावर काढला असेल तर थोडं व्याज बसेल, ते टळत नाही. १५ मार्चच्या हप्त्यात बाकीचं धरा.

---

भावा_उद्यमनगर · १८ जाने., १:०५

आता माझं पण वर्कशॉपचं खातं उघडून बसलोय. ताई, असं आणखी कुठं पडलंय हे शोधायचं कसं? प्रत्येक एंट्री बघायची म्हंजे रविवार गेला.

---

तेरीज · १८ जाने., १:४४

प्रत्येक बघायची गरज नाही. खर्चाचं लेजर उघडा आणि त्यात फक्त पेमेंट प्रकारची व्हाउचरं बघा. लाइट बिल, चहापाणी, हमाली थेट पेमेंटने येतातच, ती सोडा. ज्या खर्चाची बिलं तुम्ही पार्टीच्या नावाने बुक करता, म्हणजे दुरुस्ती, जॉबवर्क, ट्रान्सपोर्ट, तिथे पेमेंट व्हाउचर दिसलं की संशय घ्या. मग त्या रकमेला १.१८ ने भागा. गोल आकडा आला तर बहुधा ते जीएसटीसकट बिलाचं पेमेंट आहे. खर्चाच्या खात्यात जीएसटीसकट रक्कम यायचं एरवी कारण नसतं. टीडीएस कापलेला असेल तर गोल येत नाही, हे ताईंचंच उदाहरण. १,४०,४०० ला १.१८ ने भागून काही निघत नाही, १.१७ ने भागा, १,२०,००० येतात.

दुसऱ्या टोकाने, ज्या पार्टीचं बिल दोन महिन्यांपासून उभं आहे आणि तिचा फोन येत नाही, ती पार्टी बघा. कोल्हापुरात पैसे थकले आणि फोन आला नाही असं होत नाही.

---

भावा_उद्यमनगर · १८ जाने., १:५०

ते मात्र शंभर टक्के 😄

---

रोजमेळ_शिरोली · १९ जाने., सायं. ६:२०

आमच्या सीएंशी बोलले. ते म्हणाले आकडे बँकेला गेलेत म्हणून जर्नलच टाका, आजच्या तारखेला, आणि प्रत्यक्ष तारखेची चिठ्ठी टॅक्स ऑडिटच्या फाइलला. टाकलं. दुरुस्ती खातं १,२०,००० वर आलं, पार्टी शून्य, बिलवार यादीतून बिल गेलं. पार्टीचा उतारा व्हॉट्सॲपवर आला, तिथेही शून्य. स्टॉक स्टेटमेंटमध्ये आम्ही फक्त मालाचे देणेकरी दाखवतो, त्यामुळे ड्रॉइंग पॉवरला धक्का नव्हता.

पण तेरीज काकांनी सांगितलं तसं त्याच खात्यातली पेमेंट व्हाउचरं बघितली आणि आणखी एक सापडलं. ९ डिसेंबर, ३५,४००, मोटर रिवाइंडिंगवाल्याला. १.१८ ने भागलं तर नेमके ३०,०००. पण या माणसाचं टॅलीत लेजरच नाही, बिलही बुक नाही. डिसेंबरच्या २बी मध्येही त्याचं बिल दिसत नाही. इथे पण तसंच जर्नल टाकू?

---

राजारामपुरी_लेखा · १९ जाने., ७:०२

ही चूक दिसायला तशीच, पण आतून वेगळी. पहिल्या वेळी खर्च दोनदा आला होता. इथे एकदाच आलाय, पण जीएसटीसकट आणि बिलाशिवाय. लेजर उघडा आणि जर्नलने ३५,४०० पार्टीला नावे, खर्चाला जमा करा. त्यानंतर पार्टीकडे ३५,४०० येणे दिसेल, आणि ते बरोबर आहे, कारण पैसे दिलेत आणि बिल मिळालेलं नाही. बिल आलं की ३०,००० खर्च आणि ५,४०० इनपुट, पार्टी शून्य. इथे Agst Ref ला बिलच नसेल, म्हणून Advance ठेवा आणि बिल आल्यावर त्याला जोडा. क्रेडिट मात्र २बी मध्ये आल्याशिवाय घेऊ नका.

---

तेरीज · १९ जाने., ७:२५

बिल येईपर्यंत खर्चातून काढायचं हे मला पूर्ण पटत नाही. काम झालंय, मोटर चालू आहे, खर्च तर झालाच. किमान ३०,००० ची तरतूद ठेवा, नाहीतर जानेवारीचं पत्रक उगाच चांगलं दिसेल.

---

भावा_उद्यमनगर · १९ जाने., ७:४१

ताई, रिवाइंडिंगवालं बरंच कंपोझिशनमधी असत्यात. तसला असला तर बिलावर जीएसटी लावताच येत न्हाई त्याला. मग ५,४०० कसले घेतले हे त्यालाच विचारा.

---

रोजमेळ_शिरोली · १९ जाने., ७:५०

हे डोक्यात आलंच नव्हतं. उद्या दुकानात जाऊन बिल आणि जीएसटी नंबर मागते. तोवर पार्टीच्या नावे टाकून ठेवते, तरतुदीचं महिनाअखेर बघू. टीडीएसचं काय, कापायला हवा होता का?

---

राजारामपुरी_लेखा · १९ जाने., ८:१५

मजुरी नेमकी ३०,००० असेल आणि जीएसटी बिलावर वेगळा दाखवलेला असेल, तर एका बिलाची मर्यादा ओलांडली जात नाही, "३०,००० पेक्षा जास्त" असं आहे. पण तो कंपोझिशनवाला निघाला तर अख्खे ३५,४०० मजुरीच धरावी लागेल आणि मग मर्यादा ओलांडली. शिवाय वर्षभरात त्याच माणसाला एकूण १,००,००० च्या वर गेलंय का ते बघा. त्याचं लेजरच नाही म्हणताय, म्हणजे आधीची पेमेंटंही अशीच खर्चात पडलेली असू शकतात. बँक स्टेटमेंटमध्ये त्याच्या नावाने शोधा.